‘फूलाला’ की ‘फुलाला’? मराठी लेखनातील चुकांचे कॅरोसेल अचूक तयार करण्याची पद्धत

मराठीतील चुकीचे आणि बरोबर शब्द शेजारी शेजारी मांडणारी कॅरोसेल, म्हणजे समाजमाध्यमांवर एकामागून एक सरकवत पाहायच्या स्लाइडच्या मालिका, पुष्कळ तयार होतात, परंतु त्यांपैकी अनेकांत दोन दोष आढळतात. एक म्हणजे दहा स्लाइडवर दहा निराळ्या नियमांचे दहा शब्द असतात, त्यामुळे वाचकाला ते दहा शब्द कळतात, पण अकरावा शब्द कसा लिहायचा हे कळत नाही. दुसरा दोष अधिक गंभीर आहे. ‘बरोबर’ म्हणून दिलेल्या रकान्यातच चूक असते आणि ती शेकडो जणांच्या फोनवर जाऊन बसते. एका शैक्षणिक संस्थेसाठी मी तयार केलेल्या पहिल्या कॅरोसेलमध्ये ‘विद्यापीठात’ हा शब्द चुकीच्या आणि ‘विद्यापिठात’ हा बरोबरच्या रकान्यात गेला होता. कारण एवढेच होते की नियम पाठ होता, अपवाद तपासला नव्हता.

म्हणून या लेखात एकच नियम घेऊन त्याचे दहा स्लाइडचे कॅरोसेल पहिल्यापासून शेवटपर्यंत तयार केले आहे. नियम आहे नामाला प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागताना होणाऱ्या ऱ्हस्व-दीर्घ बदलाचा: ‘फूल’ दीर्घ, पण ‘फुलाला’ ऱ्हस्व. रोजच्या लेखनात सर्वाधिक चुका माझ्या पाहण्यात इथेच होतात, कारण इथे कान मदत करत नाही. ‘फूलाला’ आणि ‘फुलाला’ हे बोलताना बहुतेकांच्या तोंडी सारखेच ऐकू येतात.

## टप्पा १: नियम एका वाक्यात लिहून काढा

चित्रे, रंग, फॉन्ट यांतल्या कशालाही हात लावण्यापूर्वी आपण कोणता नियम शिकवणार आहोत तो एका वाक्यात कागदावर लिहावा. ते वाक्य लिहिता आले नाही, तर विषय अजून नीट आवळलेला नाही असे समजावे.

आधार म्हणून मराठी साहित्य महामंडळाने ठरवलेले आणि महाराष्ट्र शासनाने स्वीकारलेले लेखनविषयक नियम घ्यावेत. १९६२ मध्ये १४ आणि १९७२ मध्ये आणखी ४ असे ते एकूण १८ नियम आहेत. आपला नियम त्यांतील आठव्यात येतो. सोप्या शब्दांत तो असा:

अकारान्त शब्दाचे शेवटून दुसरे अक्षर दीर्घ ‘ई’ किंवा ‘ऊ’ असेल, तर सामान्यरूप होताना ते ऱ्हस्व होते. मात्र तत्सम शब्दांत ते दीर्घच राहते.

या वाक्यातील तीन शब्द वाचकाला अडतील. ‘अकारान्त’ म्हणजे शेवटी ‘अ’ असलेला शब्द, जसे फूल, जमीन, वकील. ‘सामान्यरूप’ म्हणजे प्रत्यय लागण्यापूर्वी शब्दाच्या शेवटात होणारा बदल. ‘फूल’ला ‘ला’ लागण्याआधी ‘फुला’ हे रूप तयार होते, तेच सामान्यरूप. ‘तत्सम’ म्हणजे संस्कृतमधून जसाच्या तसा आलेला शब्द. कॅरोसेलमध्ये या तिन्ही संज्ञा टाळून उदाहरणाने समजावणे मला अधिक योग्य वाटते, परंतु ते तयार करणाऱ्याला त्या पक्क्या माहीत असल्याच पाहिजेत.

> सावधान: ‘असे’ ऐवजी ‘असं’, ‘केले’ ऐवजी ‘केलं’ अशी रूपे ‘चुकीच्या’ रकान्यात टाकू नका. बोलण्याच्या धाटणीच्या लेखनात ती नियमांनुसारच चालतात. बोलीतील रूपेही चुका नाहीत. चुकीच्या रकान्यात फक्त तेच लिहावे जे प्रमाण लेखनात कोणत्याही प्रकारे ग्राह्य नाही.

## टप्पा २: चुका गोळा करा, कल्पनेने बनवू नका

डोळ्यांपुढे आलेल्या खऱ्या मजकुरातूनच चुका उचलाव्यात: सूचनापत्रे, निमंत्रणे, अर्ज, गटांवरील निरोप. स्वतः रचलेली चूक वाचकाला परकी वाटते, कारण तशी चूक त्याने कधी केलेलीच नसते. ‘माणूसाला’ हे रूप मी सुरुवातीला यादीत घेतले होते आणि नंतर काढले. ‘माणूस’, ‘लाकूड’, ‘देऊळ’, ‘बेरीज’ यांसारख्या तीन अक्षरी शब्दांत पहिले अक्षर दीर्घ असले की मधल्या ‘ई-ऊ’च्या जागी ‘अ’ येतो: माणसाला, लाकडाला, देवळात, बेरजेत. हा बदल उच्चारातच स्पष्ट ऐकू येतो, म्हणून मराठी बोलणारा सहसा तिथे चुकत नाही. जिथे कान सांभाळून घेतो तिथे स्लाइड खर्च करण्याचे कारण नाही.

गोळा केलेली प्रत्येक जोडी चार रकान्यांच्या तक्त्यात नोंदवावी. आपल्या कॅरोसेलचा कच्चा तक्ता असा झाला:

| मूळ शब्द | चुकीचे | बरोबर | कारण |
|---|---|---|---|
| फूल | फूलाला | फुलाला | सामान्यरूपात ऱ्हस्व |
| मूल | मूलांना | मुलांना | सामान्यरूपात ऱ्हस्व |
| जमीन | जमीनीवर | जमिनीवर | सामान्यरूपात ऱ्हस्व |
| विहीर | विहीरीत | विहिरीत | सामान्यरूपात ऱ्हस्व |
| पोलीस | पोलीसांनी | पोलिसांनी | सामान्यरूपात ऱ्हस्व |
| वकील | वकीलाने | वकिलाने | सामान्यरूपात ऱ्हस्व |
| समूह | समुहात | समूहात | तत्सम, बदल नाही |
| स्वरूप | स्वरुपात | स्वरूपात | तत्सम, बदल नाही |
| विद्यापीठ | विद्यापिठात | विद्यापीठात | तत्सम, बदल नाही |
| सुनील | सुनिलला | सुनीलला | सामान्यरूप झालेच नाही |
| नागपूर | नागपूरात | नागपुरात | सामान्यरूपात ऱ्हस्व |

शेवटचा रकाना हा या तक्त्याचा प्राण आहे. ‘असेच लिहितात’ हे कारण नव्हे. कारण लिहिता येत नसेल, तर ती जोडी कितीही आकर्षक वाटली तरी काढून टाकावी.

## टप्पा ३: प्रत्येक जोडी तीन प्रश्नांतून काढा

हा टप्पा सर्वांत वेळखाऊ आहे आणि नेमका हाच लोक गाळतात. प्रत्येक शब्दाला पुढील तीन प्रश्न याच क्रमाने विचारावेत.

पहिला प्रश्न: मूळ शब्द बरोबर लिहिला आहे का? ‘बहीण’ हा मूळ शब्द दीर्घ आहे, ‘बहिणीला’ हे रूप ऱ्हस्व आहे. रूप वारंवार वाचल्यामुळे अनेकजण मूळ शब्दही ‘बहिण’ असा लिहितात. ‘स्वरूप’चे तसेच होते, मूळ शब्दच ‘स्वरुप’ असा लिहिलेला आढळतो. मूळ शब्द कोशात पाहूनच पुढे जावे.

दुसरा प्रश्न: शब्द तत्सम आहे का? चांगल्या मराठी कोशात शब्दापुढे ‘सं.’ अशी खूण किंवा व्युत्पत्ती दिलेली असते. ती खूण आणि शब्दाचे संस्कृतमधील मूळ रूप दोन्ही पाहावीत, कारण ‘दुग्ध’ या संस्कृत शब्दापासून ‘दूध’ आला असला तरी ‘दूध’ तत्सम नाही. तो बदलून आलेला आहे, म्हणून ‘दुधात’ ऱ्हस्व. उलट ‘शरीर’, ‘गीत’, ‘समूह’, ‘प्रतीक’, ‘स्वरूप’ जसेच्या तसे आले आहेत, म्हणून ‘शरीरात’, ‘गीतात’, ‘समूहात’, ‘प्रतीकाने’, ‘स्वरूपात’.

इथे ‘पीठ’ हा शब्द जवळून पाहण्यासारखा आहे. दळून आणलेले पीठ हा मराठीत बदलून आलेला शब्द, म्हणून ‘पिठात मीठ घातले’. आसन किंवा स्थान या अर्थाचे पीठ मात्र तत्सम, म्हणून ‘विद्यापीठात प्रवेश घेतला’. दिसायला एकच शब्द, लेखन दोन प्रकारचे, आणि दोन्ही वेळा नियम तोच. मला अडकवणारा शब्द हाच होता. आता तो आमच्या प्रत्येक कॅरोसेलच्या तपासणी यादीत पहिला असतो.

तिसरा प्रश्न: सामान्यरूप खरोखर झाले आहे का? शब्दाच्या शेवटच्या अक्षराला काना, मात्रा किंवा वेलांटी लागली असेल तरच ते झाले. ‘नागपुरात’ यात ‘र’चा ‘रा’ झाला, म्हणून ‘पु’ ऱ्हस्व. ‘नागपूरला’, ‘नागपूरहून’ यांत ‘र’ तसाच राहिला, म्हणून ‘पू’ दीर्घ. व्यक्तींची नावे सहसा बदलत नाहीत: ‘सुनीलला’, ‘प्रवीणने’, ‘संदीपचा’. ज्यांना ‘फुलाला’चा नियम नुकताच कळलेला असतो तेच ‘सुनिलला’ लिहू लागतात. म्हणून हा भाग कॅरोसेलमधून वगळता येत नाही. नियम शिकवून अपवाद न सांगणे म्हणजे नव्या चुका शिकवणे.

काही शब्द तिन्ही प्रश्नांतून जाऊनही वादाचे राहतात. ‘जीव’ या शब्दाची ‘जीवाला’ आणि ‘जिवाला’ ही दोन्ही रूपे छापील मजकुरात सर्रास दिसतात. असे शब्द कॅरोसेलमध्ये घेऊ नयेत. त्यांची जागा सविस्तर लेखात आहे. जिथे उजवे आणि डावे असे दोनच रकाने आहेत, तिथे त्यांना न्याय मिळत नाही.

> तपासणी: तक्ता दुसऱ्या व्यक्तीकडे द्यावा, मात्र ‘चुकीचे’ आणि ‘बरोबर’ हे मथळे झाकून. तिने कोशाच्या आधारे स्वतंत्रपणे निवड करावी. एका जोडीवरही मतभेद झाला, तर तो मिटल्याशिवाय पुढे जाऊ नये.

## टप्पा ४: स्लाइडचा क्रम लावा

क्रम असा हवा की प्रत्येक स्लाइडने आधीच्या स्लाइडमुळे पडलेल्या प्रश्नाचे उत्तर द्यावे. आपला क्रम पुढीलप्रमाणे ठरला.

1. प्रश्न: ‘फूलाला की फुलाला?’ एवढेच. उत्तर नाही, बोधचिन्हांची गर्दी नाही.
2. उत्तर आणि नियम: ‘फूल दीर्घ, फुलाला ऱ्हस्व. शेवटच्या अक्षराला काना, मात्रा किंवा वेलांटी लागली की आधीचे दीर्घ अक्षर ऱ्हस्व होते.’
3. मूलांना / मुलांना. जमीनीवर / जमिनीवर.
4. विहीरीत / विहिरीत.
5. पोलीसांनी / पोलिसांनी. वकीलाने / वकिलाने.
6. ‘पण थांबा’: समुहात / समूहात. स्वरुपात / स्वरूपात. संस्कृतमधून जसेच्या तसे आलेले शब्द बदलत नाहीत.
7. पिठात आणि विद्यापीठात. ही स्लाइड वेगळी आहे. इथे दोन्ही रूपे बरोबर आहेत.
8. सुनिलला / सुनीलला. खाली: नागपूरला, पण नागपुरात.
9. सराव: ‘गरीब + ना’, ‘शरीर + त’, ‘मजकूर + त’. उत्तर पुढच्या स्लाइडवर.
10. उत्तरे: गरिबांना, शरीरात, मजकुरात. प्रत्येकाखाली चार शब्दांत कारण.

तिसऱ्या ते पाचव्या स्लाइडमध्ये शब्द निवडताना एकाच अक्षराची पुनरावृत्ती टाळली आहे. सगळी उदाहरणे उकाराची असती, तर वाचकाने नियम फक्त उकारापुरता समजला असता. ‘पोलीस’ मुद्दाम घेतला आहे, कारण परभाषेतून आलेल्या शब्दांनाही हा नियम लागतो हे त्यावरून दिसते. पहिले अक्षर दीर्घ असूनही त्याचा ‘माणूस’सारखा ‘अ’ होत नाही, हे उच्चारच सांगतो.

सातवी स्लाइड क्रमात नेमकी कुठे बसते याला महत्त्व आहे. ती सहाव्याच्या आधी आली, तर ‘तत्सम’ची कल्पना नसलेला वाचक गोंधळतो. शिवाय तिथे चुकीचा रकानाच नाही, म्हणून चूक-बरोबरच्या खुणा तिथे चुकूनही राहता कामा नयेत. साचा नकलून पुढची स्लाइड करताना ही खूण मागे राहून जाते, आणि ‘पिठात’ हा अगदी बरोबर शब्द चुकीचा ठरतो.

## टप्पा ५: मजकूर लिहा, मग मांडणी करा

स्लाइडवरचा संपूर्ण मजकूर आधी साध्या लेखनपत्रात युनिकोडमध्ये लिहून, तपासून, तिथून मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये न्यावा. थेट मांडणीत टाइप केलेल्या मजकुराची तपासणी कोणी नीट करत नाही, कारण डोळे रंगांकडे लागलेले असतात. आणखी एक कारण आहे: फोनवर टाइप करताना कीबोर्ड ‘चुकीच्या’ रकान्यातील शब्द आपोआप दुरुस्त करतो. ‘फूलाला’चे ‘फुलाला’ होते आणि दोन्ही बाजूंना एकच शब्द छापला जातो. आपोआप दुरुस्ती या कामापुरती बंद ठेवावी.

टाइप करताना सर्वाधिक बिघडते ते ‘ऱ्या’ आणि ‘ऱ्ह’. ‘दुसऱ्या’ ऐवजी ‘दुसर्या’, ‘ऱ्हस्व’ ऐवजी ‘र्हस्व’ असे उमटते. कारण ‘र + ् + य’ या क्रमाने टाइप केल्यास रफार डोक्यावर जातो. त्यासाठी खाली टिंब असलेला ‘ऱ’ घेऊन मग हलन्त आणि पुढचे अक्षर द्यावे: ‘ऱ + ् + य’. हा फरक अर्थही बदलतो. ‘आचार्यांना बोलावले’ म्हणजे गुरूंना बोलावले आणि ‘आचाऱ्यांना बोलावले’ म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांना. शुद्धलेखनाच्याच कॅरोसेलमध्ये ‘दुसर्या शब्दात’ असे छापले गेले, तर वाचकाचा बाकीच्या मजकुरावरचा विश्वासही उडतो.

> तपासणी: मजकूर पूर्ण झाल्यावर त्यात ‘र्य’ आणि ‘र्ह’ शोधून पाहावेत. ‘कार्य’, ‘आचार्य’ येथे ते बरोबर. ‘दुसर्या’, ‘तिसर्या’, ‘करणार्या’ येथे चूक.

## टप्पा ६: फरक दिसेल अशी मांडणी करा

उभ्या स्लाइडसाठी १०८० × १३५० पिक्सेल हे माप सोयीचे आहे. संगणकाच्या पडद्यावर जी स्लाइड भरघोस वाटते ती फोनवर सुमारे एकतृतीयांश आकाराने दिसते, हे लक्षात ठेवून शब्दांचा आकार किमान १०० पिक्सेल आणि स्पष्टीकरणाचा ४० पिक्सेलपेक्षा कमी नसावा. एका स्लाइडवर दोनपेक्षा जास्त जोड्या ठेवल्यास हे प्रमाण सांभाळता येत नाही.

आपल्या विषयाची खरी अडचण अशी की ‘फु’ आणि ‘फू’ यांतला फरक अक्षराच्या तळाशी असलेल्या एका लहानशा वळणाचा आहे. म्हणून फॉन्ट निवडताना तो सुंदर आहे का हे नंतर पाहावे. त्यात ‘ु’ आणि ‘ू’ हातभर अंतरावरून वेगळे ओळखू येतात का, हे आधी पाहावे. सजावटीच्या जाड फॉन्टमध्ये ही दोन चिन्हे जवळजवळ सारखी होतात. `Mukta` किंवा `Tiro Devanagari Marathi` यांसारखे मोकळे फॉन्ट या कामाला बरे पडतात. फॉन्टमधील ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे आहेत का हेही पाहावे. काही फॉन्टमध्ये मजकुराची भाषा मराठी नेमल्यावरच ती वळणे येतात.

बदललेले अक्षर वेगळ्या रंगात दाखवावे, परंतु रंग संपूर्ण अक्षराला द्यावा, केवळ वेलांटीला किंवा उकाराला नाही. एकट्या ‘ि’ ला रंग दिला की अनेक सॉफ्टवेअर ते चिन्ह अक्षरापासून तोडतात आणि मध्ये ठिपक्यांचे वर्तुळ उमटते. ‘जमिनीवर’ मध्ये ‘मि’ हे पूर्ण अक्षर रंगवावे.

चुकीचे डावीकडे आणि बरोबर उजवीकडे, हा क्रम सर्व स्लाइडवर एकच ठेवावा. चुकीचे रूप लहान आणि फिकट, बरोबर रूप मोठे आणि ठळक असावे. दोन्ही समान आकारात छापली, तर वाचकाच्या डोळ्यात चुकीचे रूपही तितकेच ठसते, आणि आठवडाभराने त्याला दोन्ही ओळखीची वाटतात पण बरोबर कोणते ते आठवत नाही. चुकीच्या शब्दावर आडवी रेघ मारू नये. ती अक्षरांच्या मध्यातून जाते आणि ज्या फरकाकडे लक्ष वेधायचे तोच वाचणे कठीण करते. केवळ लाल आणि हिरव्या रंगावरही विसंबू नये, कारण या दोन रंगांत भेद न करता येणारे वाचक असतात. प्रत्येक शब्दावर ‘चुकीचे’ आणि ‘बरोबर’ असे लिहावेच.

`InDesign` मध्ये काम करत असल्यास परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये `World-Ready Paragraph Composer` निवडलेला आहे याची खात्री करावी. तो नसेल, तर जोडाक्षरे तुटतात आणि ‘ि’ अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते. ‘विहिरीत’सारख्या शब्दात ही तूट लगेच लक्षात येते, म्हणून चाचणीसाठी तोच शब्द टाइप करून पाहावा.

## टप्पा ७: चित्ररूपात आल्यावर पुन्हा वाचा

निर्यात केलेल्या चित्रांवरच शेवटची तपासणी करावी, मूळ फाइलवर नव्हे. दहाही चित्रे स्वतःच्या फोनवर पाठवून, पडदा मोठा न करता वाचावीत. पुढील क्रमाने वाचल्यास चूक निसटण्याची शक्यता कमी होते.

पहिल्या वाचनात फक्त ‘बरोबर’ रकान्यातील शब्द, तेही शेवटच्या स्लाइडपासून पहिल्याकडे, मंजूर तक्त्याशी ताडून पाहावेत. उलट्या क्रमाने वाचल्याने मनात पाठ झालेला मजकूर आड येत नाही. दुसऱ्या वाचनात फक्त ‘चुकीच्या’ रकान्यातील शब्द वाचावेत आणि ते खरोखरच वेगळे आहेत ना, हे पाहावे. तिसऱ्या वाचनात स्पष्टीकरणे, मथळे आणि आपलेच नाव. आपल्या नियमाला आपणच धरून लिहिले आहे का हेही येथे तपासावे: स्पष्टीकरणात ‘मजकूरात’ किंवा ‘स्वरुपात’ असे कुठे राहिले का, ‘चूकीचे’ असा मथळा तर नाही ना. ‘चूक’ दीर्घ, पण ‘चुकीचे’ ऱ्हस्व. मथळ्यातली ही चूक दहा वेळा छापली जाते.

> तपासणी: सातवी स्लाइड स्वतंत्रपणे उघडून तीवर चूक-बरोबरची एकही खूण नाही हे पाहावे.

## टप्पा ८: मथळा, वर्णन आणि दुरुस्ती

सोबतच्या मजकुरात नियम एका वाक्यात आणि दोन अपवाद लिहावेत, म्हणजे ज्याने फक्त पहिल्या तीन स्लाइड पाहिल्या त्यालाही ‘सुनीलला’ लिहिताना अडचण येणार नाही.

चित्रातील अक्षरे पडदा वाचून दाखवणाऱ्या साधनांना कळतीलच असे नाही, म्हणून प्रत्येक स्लाइडसाठी पर्यायी वर्णन भरावे. या विषयात तेवढ्यावर भागत नाही. ‘चुकीचे फूलाला, बरोबर फुलाला’ असे वर्णन ऐकणाऱ्याला दोन्ही शब्द जवळजवळ एकच ऐकू येतात. त्यामुळे वर्णनात फरक शब्दांनी सांगावा: ‘चुकीच्या रूपात फ ला दीर्घ उकार आहे, बरोबर रूपात ऱ्हस्व उकार आहे.’

प्रसिद्ध झाल्यावर वाचकांच्या हरकती येतील आणि त्यांतल्या काही योग्य असतील. प्रत्येक हरकतीला तक्त्यातील चौथा रकाना दाखवून उत्तर द्यावे. तो रकाना भरलेला असल्यामुळे हे दोन मिनिटांचे काम असते. चूक आपलीच निघाली, तर लक्षात ठेवावे की इन्स्टाग्रामवर प्रसिद्ध झालेल्या कॅरोसेलमधील चित्र बदलून दुसरे घालता येत नाही. केवळ खालच्या मजकुरात दुरुस्ती लिहून भागत नाही, कारण पुढे पाठवली जाते ती स्लाइड, मजकूर नव्हे. चूक ‘बरोबर’ रकान्यात असेल तर संपूर्ण कॅरोसेल काढून, दुरुस्त करून, पहिल्या स्लाइडवर ‘सुधारित’ असे लिहून पुन्हा प्रसिद्ध करावे, आणि ज्याने चूक दाखवली त्याला तसे कळवावे. ‘विद्यापिठात’च्या वेळी आम्ही हेच केले. पहिल्या आवृत्तीची स्लाइड त्यानंतरही काही दिवस निरनिराळ्या गटांवर फिरत होती. जिथे ती दिसली तिथे सुधारित स्लाइड पाठवत राहण्याशिवाय दुसरा उपाय नव्हता.